पगार विचारण्याआधी गिऱ्हाईक विचारा : चंद्रपूर-गडचिरोलीतील तेजी, मंदी आणि आपली हजेरी

गडचांदूर, घुग्घुस, कोनसरी, सुरजागड. या नावांभोवती गेल्या काही वर्षांत एकच गजर चालू आहे. कंपनी आली, रोजगार आला. नेते भाषणात हजारांचे आकडे देतात, वर्तमानपत्रे ते छापतात आणि आपल्या वस्तीतला बारावी किंवा आयटीआय झालेला पोरगा ठेकेदाराच्या दारात उभा राहतो. तिथे तो एकच प्रश्न विचारतो, पगार किती? आमचे म्हणणे असे की हा प्रश्न दुसरा असला पाहिजे. पहिला प्रश्न असा : इथे जो माल तयार होतो तो विकत कोण घेतो, आणि तो घेणारा हात कधी आखडतो?

कारण नोकरी टिकणार की नाही हे कारखान्याच्या गेटवर ठरत नाही. ते गिऱ्हाइकाच्या खिशात ठरते. काही धंद्यांचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे एकाच गतीने खरेदी करते. काही धंद्यांचे गिऱ्हाईक दोन वर्षे तुटून पडते आणि तिसऱ्या वर्षी पाठ फिरवते. बांधकाम, घरांचा व्यवहार आणि निर्यात हे तिन्ही दुसऱ्या जातीचे धंदे आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांचे दुर्दैव असे की इथून जमिनीखालचे जे जे निघते, त्यातले बरेचसे याच तिन्हींच्या पोटात जाते. म्हणून तेजी-मंदीचा हिशेब आपल्याला कळलाच पाहिजे. तो कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सिमेंटपासून सुरुवात करू. राजुरा-कोरपना भागात चुनखडी आहे म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथे कारखाने उभे राहिले. देशात तयार होणाऱ्या सिमेंटपैकी निम्म्याहून अधिक सिमेंट घरबांधणीत जाते, बाकीचे रस्ते, पूल, धरणे, कारखाने यांत. घर बांधणारा माणूस कर्ज काढून बांधतो. व्याजदर वाढला, हातातला पैसा आटला, की तो पहिल्यांदा घर पुढे ढकलतो. भात आणि औषध कुणी पुढे ढकलत नाही, घर ढकलता येते. जी वस्तू पुढे ढकलता येते, ती बनवणाऱ्या कामगाराची नोकरीही पुढे ढकलली जाते. धंदा तपासण्याची ही पहिली कसोटी.

मात्र इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. पावसाळ्यात सिमेंटचा उठाव दरवर्षी कमी होतो, कारण बांधकामे थांबतात. कारखाने याच दिवसांत भट्टी बंद करून आतल्या विटा बदलतात, दुरुस्ती काढतात. ही मंदी नव्हे, हा हंगाम. दिवाळीनंतर ट्रकच्या रांगा परत लागतात. मंदी ओळखायची ती अशी की या जुलैची तुलना गेल्या जूनशी करायची नाही, गेल्या जुलैशी करायची. या मार्चची तुलना गेल्या मार्चशी. उन्हाळा हा बांधकामाचा ऐन हंगाम. एप्रिल-मेमध्येही पॅकिंग प्लांटची पाळी कमी होत असेल, ट्रकवाले दोन-दोन दिवस भाड्याची वाट बघत असतील, तर तो हंगाम नाही. ती मंदी आहे.

आणि मंदी सगळ्यांवर सारखी पडत नाही. भट्टीवरचा कायम कामगार, प्रयोगशाळेतला केमिस्ट, कंट्रोल रूममधला ऑपरेटर यांना मंदी म्हणजे बोनस कमी आणि ओव्हरटाइम बंद. पोती भरणारा आणि चढवणारा कंत्राटी कामगार मात्र टनावर किंवा हजेरीवर जगतो. माल कमी निघाला की त्याची हजेरी त्याच दिवशी कमी होते. त्याला कामावरून काढल्याचे पत्र मिळत नाही, कारण काढण्याची गरजच पडत नाही. ठेकेदार फक्त सांगतो, उद्या येऊ नको.

एक हिशेब मांडून बघू. समजा लोडिंगच्या कामात दिवसाला ६०० रुपये मिळतात. तेजीच्या ७ महिन्यांत महिन्याला २६ दिवस काम, म्हणजे महिन्याचे १५,६०० रुपये. उरलेल्या ५ महिन्यांत १४ दिवस काम, म्हणजे महिन्याचे ८,४०० रुपये. वर्षाचे झाले १,५१,२००. बाराने भागले तर महिन्याचे १२,६००. आता दुसरीकडे एखाद्या शाळेत, दवाखान्यात किंवा दुकानात बाराही महिने १२,५०० रुपये मिळत असतील, तर दोन्ही नोकऱ्या जवळपास सारख्याच झाल्या. पण पोरगा १५,६०० चा महिना बघून मोटारसायकलचा ३,५०० चा हप्ता डोक्यावर घेतो. खरी मंदी आली आणि बाराही महिने १४ दिवसांचेच झाले, तर हाती राहतात ८,४००. त्यातून हप्ता गेला की ४,९०० मध्ये घर चालवायचे. मग गाडी ओढून नेली जाते आणि समाजातलेच लोक म्हणतात, पोराला पैसा सांभाळता आला नाही. पैसा सांभाळता येईल असा तो कधी आलाच नव्हता. चांगल्या महिन्याचा पगार हा पगार नसतो. वर्षाची बेरीज भागिले बारा, हा पगार.

दुसरी कसोटी कर्जाची. तेजीत कंपन्याही आपल्या पोरांसारख्याच वागतात. उठाव आहे म्हणून कर्ज काढून नवा कारखाना बांधतात. तो उभा राहीपर्यंत वारे फिरते. कोरपना तालुक्यातल्या नारंडा इथला मुरली इंडस्ट्रीजचा सिमेंट कारखाना हे डोळ्यासमोरचे उदाहरण. वर्षाला सुमारे ३० लाख टनांची क्षमता, जवळच चुनखडी, मराठवाडा-विदर्भ-तेलंगणाची बाजारपेठ. तरीही कंपनी कर्जात बुडाली, उत्पादन थांबले, २०१७ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले आणि २०२० मध्ये दालमिया सिमेंटने तो घेतला. त्यानंतर तो पुन्हा सुरू झाला. कंपनीच्या दृष्टीने ही गोष्ट सुखान्त आहे. यंत्रे तीच, चुनखडी तीच, मालक नवा. पण मधल्या वर्षांत हजेरीवरच्या कामगाराने काय खाल्ले, याचा रकाना कुठल्याही ताळेबंदात नसतो. कारखाना ५ वर्षे थांबू शकतो. पोट थांबत नाही.

या प्रकरणात आपल्या लोकांनी शिकण्यासारखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली की थकलेल्या पगाराचा दावा ठरावीक मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे स्वतः किंवा संघटनेमार्फत दाखल करावा लागतो. बँका पहिल्याच आठवड्यात वकील घेऊन पोहोचतात. ज्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक नाही, तो दावा कशाच्या जोरावर करणार? कागद नसलेला कामगार कायद्याच्या नजरेत तिथे कधी कामाला नव्हताच.

आता निर्यात. गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज एटापल्लीच्या डोंगरातून निघते. पण त्याचा भाव एटापल्लीत ठरत नाही, गडचिरोलीत नाही, मुंबईतही नाही. जगातले निम्म्याहून अधिक पोलाद चीन बनवतो आणि त्या पोलादाचा मोठा वाटा तिथल्या इमारतींत जातो. मे २०२१ मध्ये जागतिक बाजारात लोहखनिजाचा भाव टनाला २३० डॉलरच्या आसपास चढला होता. त्याच वर्षी चीनमधल्या एव्हरग्रांडसारख्या बांधकाम कंपन्या कर्जाखाली कोसळू लागल्या आणि नोव्हेंबरपर्यंत भाव १०० डॉलरच्या खाली आला. सहा महिन्यांत निम्म्याहून कमी. शांघायजवळच्या कुठल्यातरी शहरात फ्लॅट विकला गेला नाही, त्याची झळ थेट भामरागडच्या डोंगररांगेपर्यंत येऊ शकते. निर्यातीचा धंदा असा असतो.

त्यात सरकारचाही हात आहे. २२ मे २०२२ पासून केंद्र सरकारने लोहखनिजावर ५० टक्के आणि पेलेटवर ४५ टक्के निर्यात शुल्क लावले. देशात पोलाद महाग झाले होते, ते उतरवायचे होते. एका आदेशाने परदेशी विक्री परवडेनाशी झाली आणि देशातल्या खनिजाचा भावही खाली आला. सहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर २०२२ ला, ते शुल्क बऱ्याच अंशी मागे घेतले गेले. आमचा वाद शुल्क बरोबर की चूक यावर नाही. पोलाद स्वस्त झाले तर घर बांधणाऱ्याला ते हवेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की ज्या धंद्याचे भवितव्य दिल्लीच्या एका रात्रीच्या अधिसूचनेवर आणि चीनच्या घरबाजारावर टांगलेले आहे, त्यातल्या डंपरच्या ड्रायव्हरला ‘पक्की नोकरी’ असे कुणी सांगू नये.

इथे कुणी म्हणेल, सुरजागडचे काम तर या सगळ्या काळात वाढतच गेले. खरे आहे. २०२३ मध्ये खाणीची मंजूर क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. पण नेमके हेच समजून घ्यायचे आहे. जो उद्योग अजून वाढतो आहे, त्याच्यात तेजी-मंदी झाकली जाते. नवी यंत्रे येतात, नवे रस्ते होतात, नवे लोक घेतले जातात, आणि भावाची घसरण त्या वाढीखाली दिसत नाही. वाढ ज्या दिवशी थांबते, त्या दिवसापासून त्या उद्योगाचा खरा स्वभाव दिसू लागतो. १० वर्षे चाललेल्या खाणीवरून अंदाज बांधा, १० महिन्यांच्या खाणीवरून नको.

याच्याशीच जोडलेली तिसरी कसोटी, आणि गडचिरोलीच्या तरुणांसाठी आज तीच सर्वांत महत्त्वाची. कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. कारखाना बांधण्याची कामे वेगळी आणि कारखाना चालवण्याची कामे वेगळी. बांधताना गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर, फिटर, माती वाहणाऱ्या रेजा, पहारेकरी, स्वयंपाकी असे भरपूर हात लागतात. चाक फिरू लागले की यातले बहुतेक हात मोकळे होतात. मागे राहतात ती ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, यंत्रदुरुस्ती, प्रयोगशाळा, कार्यालय यांतली पदे, आणि त्यांना शिक्षण आणि अनुभव लागतो. म्हणजे आपला पोरगा ज्या दिवशी कारखान्याचे उद्घाटन बघायला टाळ्या वाजवत उभा असतो, नेमका त्याच दिवशी त्याचे काम संपलेले असते. इथे मंदी यायचीही गरज नाही. काम पूर्ण होणे हीच त्याची मंदी.

हा फरक लपवून ठेवलेला नाही, आपण तो वाचत नाही. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळण्याआधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल होतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. त्या अहवालात बांधकामाच्या काळातला रोजगार आणि प्रकल्प चालू झाल्यावरचा रोजगार सहसा वेगवेगळा दिलेला असतो. भाषणात या दोन्हींची बेरीज ऐकवतात, कधी त्यात ‘अप्रत्यक्ष’ रोजगारही मिसळतात. आपल्या कार्यकर्त्याने सुनावणीत उभे राहून एवढेच विचारावे : कायम पदे किती, कंत्राटी किती, बांधकाम संपल्यावर किती उरतील, आणि त्या उरलेल्या पदांसाठी स्थानिक मुलांना आजपासून कुठे शिकवणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. घोषणा नंतर देता येतात.

मग टिकाऊ काय आहे? गिऱ्हाइकाची कसोटी इथेही लावू. धानपट्ट्याकडे बघा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या आपल्या शेतकऱ्याने एचएमटी हे वाण शोधून ज्या पट्ट्याचे नाव देशभर नेले, त्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, देसाईगंज भागात राइस मिल आहेत. एखादी मिल आदिवासी विकास महामंडळाने किंवा मार्केटिंग फेडरेशनने खरेदी केलेल्या धानाची भरडाई करते. तिचा तांदूळ रेशनला जातो आणि रेशन मंदीतही बंद होत नाही. दुसरी मिल निर्यातदार व्यापाऱ्याला माल देते. २० जुलै २०२३ ला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ती २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत राहिली. चौदा महिने. एकाच रस्त्यावरच्या दोन मिल, यंत्रे सारखी, हमालाचा दरही सारखा. तरी एकाची हजेरी हंगामावर ठरते आणि दुसऱ्याची सरकारच्या निर्यात धोरणावर. म्हणून ‘कोणत्या क्षेत्रात जाऊ’ एवढे विचारून भागत नाही. त्या क्षेत्रात तुझा मालक कुणाला विकतो, हेही विचारावे लागते.

कोळसा आणि वीज ही त्याहून स्थिर. दिवा आणि पंखा कुणी पुढे ढकलत नाही. पण तिथेही एक मर्यादा आहे. खाणीतला कोळसा संपला की ती खाण बंद होते आणि वेकोलिचा कायम कामगार दुसऱ्या खाणीत बदलून जातो, ओव्हरबर्डन काढणाऱ्या खासगी कंपनीचा ड्रायव्हर मात्र बदलून कुठेही जात नाही. धंदा स्थिर असला तरी त्यातली तुमची जागा अस्थिर असू शकते. धंद्याचा स्वभाव आणि जागेचा थर, दोन्ही तपासल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

या थरांमध्ये आपण कुठे आहोत, हा खरा प्रश्न. बौद्ध, मातंग, चांभार, आदिवासी, भटक्या समाजांतली पोरे बहुतांशी सर्वांत बाहेरच्या थरात आहेत. ठेकेदाराच्या ठेकेदाराखाली. आतल्या थरात जायला ओळख लागते, आणि ओळख जातीच्या वाटेनेच चालते. शिवाय मंदीत ज्याच्याकडे ५ एकर जमीन आहे तो गावी परत जातो. ज्याच्या भावाचे दुकान आहे तो गल्ल्यावर बसतो. आपला माणूस भूमिहीन असेल तर तो ठिय्यावर जातो किंवा धान रोवायला, मिरची तोडायला तेलंगणात. तीच मंदी एकाला सुट्टी असते आणि दुसऱ्याला स्थलांतर. म्हणून तेजी-मंदीचा प्रश्न जातीचाही प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२३ च्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी दाखवले की घसरत्या रुपयाने निर्यातदाराला होणारा फायदा आकाशातून पडत नाही. महागाई वाढते, मजुरी मागे राहते आणि तो फायदा मजुराच्या ताटातून जातो. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना ते स्वतः झरियाच्या कोळसा खाणीत उतरले. आणि ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत असे मांडताना त्यांनी बेकारीची भीती माणसाला हक्क सोडायला कशी भाग पाडते, हे स्पष्ट केले. १६ ऑक्टोबर १९५६ ला ज्या चंद्रपूरने त्यांच्या हातून धम्मदीक्षा घेतली, त्या चंद्रपूरच्या पोरांनी ‘कंपनी आली’ एवढ्यावर समाधान मानावे, हे आम्हाला पटत नाही.

आता एक आक्षेप, जो आम्ही अनेकदा ऐकतो. घरात पीठ नाही तिथे तेजी-मंदी कसली बघता? जे मिळेल ते करावे लागते. अगदी बरोबर. लोडिंगचे काम सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मिळेल ते काम करा, पण त्या कामाचा स्वभाव ओळखून करा. हप्ता वर्षाच्या सरासरीवर बसवा, तेजीच्या महिन्यावर नको. तेजीतच पुढच्या थराची तयारी करा, कारण मंदीत भरती नसते. इमारत किंवा इतर बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी करून घ्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, पण त्यासाठी हजेरीचा पुरावा लागतो, म्हणून रोजची हजेरी स्वतःच्या वहीत तारीखवार लिहा.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम. केंद्र सरकार दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास आठ प्रमुख उद्योगांचा निर्देशांक जाहीर करते. त्या आठांपैकी कोळसा, सिमेंट, पोलाद आणि वीज हे चार म्हणजे आपलाच जिल्हा. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे चारही एकाच वेळी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा खाली गेले होते. टाळेबंदी त्यानंतर पाच महिन्यांनी आली. म्हणजे मंदीची खूण आधीच छापून आली होती, ती वाचणारे आपल्या वस्तीत कुणी नव्हते. प्रत्येक विहारात एक फळा असावा. त्यावर दर महिन्याला हे चार आकडे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून, कुणीतरी लिहावेत. बाजूला वस्तीतल्या कामगारांनी त्या महिन्यात भरलेले सरासरी दिवस लिहावेत. सहा महिन्यांत आपल्या पोरांना कळेल की सरकारचा आकडा आणि आपली हजेरी यांत किती अंतर असते, आणि कोणत्या ठेकेदाराकडे ते अंतर सर्वांत जास्त आहे. त्या फळ्यावरून जी मागणी निघेल ती ‘रोजगार द्या’ अशी मोघम नसेल. इतकी कायम पदे, इतक्या किमान दिवसांची हमी, इतक्या तारखेपर्यंत, अशी ती असेल. तशी मागणी टाळणे कंपनीलाही जड जाते आणि आमदारालाही.

जय भीम.